लॅटरल थिंकिंगची कोडी आणि त्यात दडलेलं गृहीतक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोष्टीच्या रूपातल्या कोड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नव्याने या नादाला लागलेल्यांचे आहेत, पुढचे कोडी घालणाऱ्यांचे आणि रचणाऱ्यांचे. उत्तरं जागच्या जागी दिली आहेत. गुरुजींचं कोडं (प्रश्न ३) आणि एसटीचं कोडं (प्रश्न ७) स्वतः सोडवून पाहायचं असेल, तर कोडं वाचून झाल्यावर तिथेच थांबा आणि मग पुढे जा.

१. लॅटरल थिंकिंगचं कोडं म्हणजे काय? आपल्या जुन्या कोड्यांपेक्षा ते वेगळं कसं?

“बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे” हे कोडं घ्या. इथे दातांना चिरे म्हटलंय आणि जिभेला नागीण. ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं की खऱ्या नागिणीचा काही संबंध नाही. रूपक उलगडलं की उत्तर हाती येतं.

लॅटरल कोड्यात रूपक नसतं. सांगितलेला प्रत्येक शब्द सरळ अर्थाने खरा असतो, तरीही गोष्ट पटत नाही. उदाहरणार्थ: राजा आणि राणी दिवाणखान्यात फरशीवर मरून पडले आहेत. अंगावर जखम नाही. आजूबाजूला फुटलेली काच आणि पाणी आहे, खिडकी वाऱ्याने उघडलेली आहे. काय झालं असेल? राजा आणि राणी ही पाळलेल्या माशांची नावं. वाऱ्याने खिडकी आपटली, काचेचं भांडं खाली पडलं. “माणसं मेली” असं गोष्टीत कुठेच नव्हतं. ते आपण घातलं.

‘लॅटरल थिंकिंग’ हा शब्दप्रयोग मूळचे माल्टाचे डॉक्टर एडवर्ड डी बोनो यांनी १९६७ साली प्रचारात आणला. अशा गोष्टी लोक त्याआधीही एकमेकांना घालत होते, पण पुढे या कोड्यांना तेच नाव चिकटलं.

२. हे ‘दडलेलं गृहीतक’ नेमकं कुठे असतं? गोष्टीत की माझ्या डोक्यात?

तुमच्या डोक्यात. पण त्यात तुमची चूक काही नाही, कारण गृहीत न धरता कुठलंच वाक्य समजत नाही. “दूध उतू गेलं, तिने धावत जाऊन गॅस बंद केला” एवढं वाचलं की दूध पातेल्यात होतं, पातेलं त्याच गॅसवर होतं, ती दुसऱ्या खोलीत होती, हे सगळं आपण आपलं भरून घेतो. वाक्यात यातलं एकही नाही. रोजच्या बोलण्यात हे भरणं जवळजवळ नेहमी बरोबर निघतं, म्हणून आपण ते करतोय हेही जाणवत नाही. कोडं रचणारा त्याच सवयीवर विसंबून असतो.

भरण्याच्या जागा तीन. पहिली आणि सर्वांत जास्त सापडणारी जागा म्हणजे नाम: ‘राजा’, ‘नदी’, ‘डॉक्टर’, ‘घर’ म्हटलं की एक ठरावीक चित्र उभं राहतं. दुसरी जागा हेतू: माणूस धावतोय म्हणजे त्याला कुठेतरी लवकर पोचायचंय, पैसे हरला म्हणजे त्याला जिंकायचं होतं. तिसरी जागा दोन वाक्यांमधला सांधा. “इमारत वीस मजल्यांची होती. तो खिडकीतून खाली पडला आणि त्याला खरचटलंसुद्धा नाही.” ही दोन वाक्यं शेजारी ठेवली की खिडकी आपोआप विसाव्या मजल्यावर जाते. ती तळमजल्याची होती.

३. गृहीतक शोधायचं कसं? एखादं कोडं पायरीपायरीने सोडवून दाखवाल का?

हे कोडं घ्या.

गुरुजींची शाळा नदीच्या पलीकडे आहे. नदीवर पूल नाही, होडी नाही. गुरुजींना पोहता येत नाही. तरी जानेवारीपासून उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत ते रोज नदी ओलांडून शाळेत जातात आणि त्यांची चप्पलसुद्धा ओली होत नाही. जूनमध्ये शाळा उघडली की मात्र ते पलीकडच्या गावात खोली घेऊन राहतात. ते नदी कशी ओलांडतात?

बहुतेक जण लगेच साधन शोधायला लागतात: दोराचा पाळणा, बैलगाडी, कुणाच्या तरी खांद्यावर बसून, धरणाच्या भिंतीवरून. एकेक सुचवायचं आणि नाकारलं जायचं, असं बराच वेळ चालतं. त्याऐवजी कागद घ्या. गोष्टीचं एकेक वाक्य लिहा आणि त्याच्याखाली ते वाचताना तुम्ही काय जोडलंत ते लिहा. उत्तराचा विचार अजून करायचा नाही.

“शाळा नदीच्या पलीकडे आहे.” मी जोडलं: गुरुजी अलीकडे राहतात. हे पुढच्या वाक्यांवरून बरोबर निघतं, तेव्हा राहू द्या. “पूल नाही, होडी नाही.” मी जोडलं: पाण्याच्या वरून किंवा पाण्यातून जायचा आणखी काही तरी मार्ग आहे. “पोहता येत नाही.” मी जोडलं: नदी खोल आहे, पाय टेकत नाहीत. “चप्पल ओली होत नाही.” मी जोडलं: ते पाण्याला न शिवता जातात. “जूनमध्ये खोली घेऊन राहतात.” मी जोडलं: पुरामुळे नेहमीचा मार्ग जास्त धोक्याचा होतो.

आता फक्त जोडलेल्या ओळी वाचा. मूळ वाक्यं झाका. पहिली ओळ सोडली तर प्रत्येक ओळीत एक गोष्ट आहे: पाणी. मग मूळ गोष्टीकडे परत जा आणि ‘पाणी’ हा शब्द शोधा. तो एकदाही आलेला नाही. बाकीची सगळी जोडणी ज्या एका जोडणीवर उभी आहे ती हीच. ती उलटवून पाहा: नदीत पाणीच नसेल तर?

इथे थांबायचं नाही, कारण कल्पना सुचली म्हणजे कोडं सुटलं असं होत नाही. आता हे उत्तर प्रत्येक वाक्याला लावून बघायचं. पूल नाही, होडी नाही: लागतच नाही. पोहता येत नाही: गरज नाही. चप्पल कोरडी: अर्थात. आणि जूनचं वाक्य? तिथे खरी परीक्षा आहे. पाऊस पडला की नदीला पाणी येतं आणि चालत जाणं बंद होतं, म्हणून खोली. जे वाक्य आधी उगाच लावल्यासारखं वाटत होतं, त्यालाच आता कारण मिळालं. योग्य उत्तराची ही सर्वांत भरवशाची खूण.

वर्षातले अनेक महिने कोरडी राहणारी नदी ही काही कल्पना नाही. माण आणि आटपाडीकडची माणगंगा पाहिलेल्या माणसाला हे कोडं वाटतही नाही, तो पहिल्याच वाक्याला उत्तर देतो. कोकणातला माणूस खूप वेळ अडकतो. दोघांची बुद्धी सारखीच असली, तरी ‘नदी’ म्हटल्यावर उभं राहणारं चित्र वेगळं असतं.

आणखी एक लक्षात ठेवा. सांगणारा जेव्हा ओळीने नकार देतो (पूल नाही, होडी नाही, पोहता येत नाही) तेव्हा प्रत्येक नकार तुमचं चुकीचं चित्र जास्त पक्कं करत असतो. तीन वाटा बंद केल्या असतील, तर चौथी वाट शोधण्याआधी त्या तीनही वाटा कशासाठी लागल्या असत्या, हे विचारा.

४. काहीतरी गृहीत धरलंय हे मला कळतं, तरी ते सापडत का नाही?

कारण ‘चौकटीबाहेर विचार कर’ या सल्ल्यात चौकट कुठली, हे सांगितलेलं नसतं. आणि कुठली हे सांगितलं तरी पुरत नाही. नऊ ठिपक्यांचं जुनं कोडं बऱ्याच जणांना माहीत असेल: तीन ओळींत तीन-तीन ठिपके, हात न उचलता चार सरळ रेघांत सगळे जोडायचे. अडचण अशी सांगितली जाते की लोक ठिपक्यांच्या चौकोनाबाहेर रेघ नेत नाहीत. १९८१ मध्ये वाइसबर्ग आणि आल्बा या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना सरळ सांगूनच टाकलं की रेघा चौकोनाबाहेर गेल्या तरी चालतील. तरीही बहुतेकांना ते सुटलं नाही. गृहीतक दूर झालं, पण बाहेर नेऊन करायचं काय, हे वेगळं शोधावं लागतं.

दुसरं कारण असं की वस्तूचं नेहमीचं काम डोळ्यासमोरून हलत नाही. कार्ल डंकर या जर्मन मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग प्रसिद्ध आहे. त्याचं लेखन इंग्रजीत १९४५ साली आलं. टेबलावर मेणबत्ती, काड्या आणि खोकीभर टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं की खोकं रिकामं करायचं, टाचण्यांनी भिंतीला ठोकायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. खोक्यात टाचण्या भरून ठेवल्या तर लोक अडतात. तेच खोकं रिकामं शेजारी ठेवलं तर कितीतरी जास्त लोकांना सुचतं. भरलेलं खोकं ‘टाचण्यांचं’ असतं, म्हणून ते वस्तू म्हणून दिसत नाही.

म्हणूनच प्रश्न ३ मध्ये लिहून काढायला सांगितलं. ‘काहीतरी गृहीत धरलंय’ ही मोघम जाणीव कामाला येत नाही. कागदावरची ‘नदी खोल आहे’ ही ओळ येते, कारण तिच्यावर बोट ठेवून ‘हे कुणी सांगितलं?’ असं विचारता येतं.

५. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर मिळणाऱ्या खेळात कोणते प्रश्न विचारावेत?

ज्या गोष्टींची तुम्हाला सर्वांत जास्त खात्री आहे, त्या आधी विचारा. हे थोडं विचित्र वाटतं, कारण आपल्याला प्रश्न शंकेचे विचारायची सवय असते. पण अडथळा शंकेच्या जागी नसतोच, तो खात्रीच्या जागी असतो. “मेलेली दोघं माणसं होती का?” हा प्रश्न पहिल्या पाचांत विचारला, तर माशांचं कोडं दोन मिनिटांत संपतं.

उलट, सगळं उत्तर एका दमात विचारणं फार महाग पडतं. “बायकोने विष घातलं आणि मग ग्लास फोडला का?” याला ‘नाही’ मिळालं की त्यातलं नेमकं काय चुकलं ते कळत नाही. अर्ध्या शक्यता एका फटक्यात बाद होतील असा प्रश्न घ्या: हे घरात झालं का, आणखी कोणी हजर होतं का, मृत्यू ठरवून घडवला का. दर प्रश्नाला शक्यता निम्म्या झाल्या, तर वीस प्रश्नांत दहा लाखांहून जास्त शक्यतांतून एक निवडता येते. पण हे गणित तुम्ही मनात धरलेल्या शक्यतांपुरतंच चालतं. माणसांच्या मृत्यूच्या दहा लाख शक्यता कितीही नीट निम्म्या केल्या, तरी त्यात मासा येणार नाही. म्हणून आधी खात्रीच्या गोष्टी, मग निम्मं करणं.

६. मी कोडं घालतो. समोरच्याने “पाण्यात दगड टाकलेत, त्यावरून जातात का?” असं विचारलं तर काय सांगू?

नुसतं ‘नाही’ म्हणालात तर ते खरं आहे, पण समोरच्याच्या मनातलं पाणी तुम्ही मान्य केल्यासारखं होतं. ‘हो’ तर म्हणताच येत नाही. अशा वेळी चौथ्या उत्तराची सोय आधीच सांगून ठेवावी: हो, नाही, संबंध नाही, आणि “तुमच्या प्रश्नातच काहीतरी गृहीत धरलंय”. हे चौथं उत्तर मिळालं की खेळणाऱ्याने आपला प्रश्न तोडून बघायचा: पाणी आहे का? दगड आहेत का? कोडं बहुतेक वेळा इथेच फुटतं, त्यामुळे ते वापरावं जरूर, पण पहिल्याच मिनिटाला नको. ‘संबंध नाही’ हे उत्तर मात्र मोकळ्या हाताने द्या. गुरुजींचं वय, विषय, लग्न यात लोक तासभर घालवू शकतात.

७. माझं उत्तरही सगळ्या वाक्यांना बसतं. मग ते चूक का धरतात?

बसत असेल तर ते चूक नाही. ही तक्रार खूप जणांची असते आणि ती रास्त असते. हे कोडं बघा.

साताऱ्याच्या स्टँडवर स्वारगेटची एसटी उभी आहे. गाडी खचाखच भरलेली, मधल्या जागेत माणसं उभी. एक गृहस्थ आले, गाडीत चढले आणि बसले. त्यांच्यासाठी कुणी उठलं नाही. त्यांचं आरक्षण नव्हतं, त्यांनी तिकीट काढलं नाही आणि कंडक्टरने विचारलंही नाही. हे कसं?

अपेक्षित उत्तर: ते ड्रायव्हर होते. गृहीतक असं की गाडीत चढणारा माणूस प्रवासीच असतो. पण कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पास होता, कंडक्टर त्यांना ओळखत होता आणि ते आपल्याच पत्र्याच्या ट्रंकेवर बसले. एकही वाक्य मोडत नाही. हे उत्तर नाकारायला सांगणाऱ्याकडे काही आधार नाही.

दोन उत्तरांत निवड करायची झाली तर दोन गोष्टी बघाव्यात. एक, उत्तराने बाहेरून किती आणलं? ट्रंकेच्या उत्तराला पास, ओळख आणि ट्रंक अशा तीन नव्या गोष्टी लागल्या. ड्रायव्हरला एकच लागली. दोन, गोष्टीतला प्रत्येक तपशील कामी आला का? पण कोडं नीट रचणं ही रचणाऱ्याची जबाबदारी आहे, सोडवणाऱ्याची नाही. वरच्या कोड्याला शेवटी एक वाक्य जोडा: “आणि ते बसल्याशिवाय गाडी सुटली नाही.” आता ट्रंकवाला गृहस्थ मागे पडतो आणि ड्रायव्हर पुढे येतो. गुरुजींच्या गोष्टीतलं जूनचं वाक्य हेच काम करतं.

८. कोडं प्रामाणिक आहे की सांगणाऱ्याने फसवलं, हे कसं ओळखायचं?

उत्तर कळल्यावर गोष्ट पुन्हा वाचा. एकही वाक्य खोटं ठरत नसेल तर कोडं प्रामाणिक. तुमच्या चित्राची दिशा चुकवायला सांगणाऱ्याला परवानगी आहे, खोटं बोलायला नाही.

याची मराठीतली कसोटी सर्जनच्या कोड्यात लागते. बाप आणि मुलगा अपघातात सापडतात, बाप जागीच जातो, मुलाला इस्पितळात नेतात. तिथले सर्जन त्याला बघून म्हणतात, “मी याचं ऑपरेशन करणार नाही, हा माझा मुलगा आहे.” उत्तर: सर्जन म्हणजे त्याची आई. आता वरचं सांगणं तपासा. “तिथले सर्जन” म्हटलं तिथेच खोटं झालं, कारण बाईंबद्दल “तिथल्या सर्जन” म्हणावं लागलं असतं. ‘सर्जन म्हणाले’ हेही खोटं आणि ‘सर्जन म्हणाल्या’ म्हटलं की कोडं संपलं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर वाक्य असं फिरवावं लागतं की क्रियापदाला लिंग लागणारच नाही: “सर्जननी मुलाला पाहिलं आणि सांगितलं, मी याचं ऑपरेशन करणार नाही.” ‘नी’ लागला की क्रियापद कर्त्याचं लिंग दाखवत नाही. सर्जनच्या तोंडचं वाक्यही जपावं लागतं. ‘मी करते’ आणि ‘मी करतो’ यांत भेद उघड होतो. ‘मी करणार नाही’, ‘मी करू शकत नाही’ यांत होत नाही. म्हणून या कोड्यात सर्जनला नकारच द्यायला लावणं सोयीचं पडतं. कुणी हे कोडं घातलं की ‘म्हणाले’ आलं का, याकडे कान ठेवा. आलं असेल तर हरकत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सावत्र वडील, दत्तक देणारे वडील ही उत्तरंही इथे बसतात. त्यांचं काय करायचं ते प्रश्न ७ मध्ये आलंच आहे.

९. बाहेरून आलेली काही कोडी उत्तर कळूनही पटत नाहीत. ती वाईट असतात का?

कोडं वाईट नसतं, त्याला लागणारी माहिती आपल्याकडे नसते. “एक माणूस मेलेला, भोवती त्रेपन्न सायकली” हे अमेरिकेतलं गाजलेलं कोडं. तिथे ‘बायसिकल’ या नावाचे पत्ते घरोघरी माहीत आहेत. जोडात बावन्न पत्ते असतात, इथे त्रेपन्नावा म्हणजे लबाडीचा, आणि ती पकडली गेली म्हणून त्या माणसाला मारलं. ज्याने ते पत्ते कधी हातात धरले नाहीत, त्याच्याकडे उलटवायला गृहीतकच नाही. चित्र चुकलं आणि माहितीच नव्हती, हे दोन वेगळे प्रकार आहेत. उत्तर ऐकून “अरेच्चा!” निघालं तर पहिला, “असं असतं होय?” निघालं तर दुसरा. अशी कोडी आपल्याकडे घालू नयेत हे माझं स्पष्ट मत.

१०. अडलेल्याला सूचना कशी द्यावी, म्हणजे उत्तर फुटणार नाही?

उत्तराकडे बोट दाखवू नका, त्याच्या चित्रातल्या एका रेघेकडे दाखवा. “नदीत पाणी आहे असं कोण म्हणालं?” ही सूचना नाही, ते उत्तरच आहे. “हाच माणूस ऑगस्टमध्ये का जात नाही?” ही चांगली सूचना, कारण तिने दुर्लक्षित वाक्य पुढे आणलं आणि काम त्याच्याकडेच ठेवलं.

नॉर्मन मायर यांनी १९३१ मध्ये केलेला दोन दोऱ्यांचा प्रयोग इथे आठवावा. छतापासून दोन दोऱ्या लोंबत आहेत, एक धरली तर दुसरीपर्यंत हात पोचत नाही, आणि दोन्हींची टोकं बांधायची आहेत. खोलीत पक्कड आहे. ती एका दोरीला बांधून झोका द्यायचा, दुसरी दोरी धरून उभं राहायचं आणि झोका जवळ आला की पकडायचा. अडलेल्या लोकांसमोरून मायर सहज गेल्यासारखे चालत गेले आणि जाता जाता एका दोरीला धक्का लागून ती हलली. त्यानंतर अनेकांना थोड्याच वेळात उत्तर सुचलं आणि त्यातल्या बहुतेकांना हललेली दोरी पाहिल्याचं आठवतच नव्हतं. चांगली सूचना अशी असते की सोडवणाऱ्याला वाटावं, मलाच सुचलं.

११. लहान मुलांना ही कोडी मोठ्यांआधी सुटतात हे खरं का?

काही प्रकारची सुटतात. वस्तूच्या नेहमीच्या कामात अडकणं (प्रश्न ४ मधलं खोकं) पाचेक वर्षांच्या मुलांत दिसत नाही आणि सहा-सात वर्षांच्या मुलांत दिसू लागतं, असं टीम जर्मन आणि मार्गारेट डीफाइटर यांच्या २००० सालच्या प्रयोगांत आढळलं. पण गोष्टीतली कोडी सोडवायला मुळात नेहमीचं चित्र पक्कं असावं लागतं. ज्या मुलाला आरक्षण, पास, तिकीट यांचे नियम माहीत नाहीत, त्याला एसटीच्या गोष्टीत विचित्र काही वाटतच नाही. तो सरळ म्हणतो, “ड्रायव्हर असेल.” त्याला उत्तर मिळालं, कोडं मात्र कधी पडलंच नाही.

१२. स्वतः असं कोडं रचायचं असेल तर सुरुवात कुठून करू?

शेवटाकडून. आधी असं नाम शोधा, ज्याचं नेहमीचं चित्र दहातल्या नऊ जणांच्या मनात सारखं आहे आणि ज्याला एक खरा, साधा अपवाद आहे: कोरडी नदी, एसटीत तिकीट न काढणारा माणूस, मुलींच्या वसतिगृहात राहणारा पुरुष (पहारेकरी). मग अपवादाचे खरे परिणाम लिहून काढा. त्यांतले नेहमीच्या चित्राशी विसंगत दिसणारे निवडा. शेवटी एक वाक्य असं ठेवा, जे फक्त तुमच्याच उत्तराने सुटेल (प्रश्न ७).

रचून झालं की एखाद्याला वाचून दाखवा आणि लगेच उत्तर विचारू नका. “काय दिसलं?” असं विचारा. त्याने तुम्ही कधीच न सांगितलेल्या गोष्टी वर्णन केल्या तर कोडं लागू पडलंय. त्याचं वर्णन अगदी तुमच्या वाक्यांइतकंच असेल, तर त्याच्यासाठी तिथे कोडं नाही.

१३. गृहीतक एक नसून दोन असतील तर?

असतात, आणि तिथेच अनुभवी लोकही अडतात. लिफ्टचं कोडं घ्या: दहाव्या मजल्यावर राहणारा माणूस रोज सकाळी लिफ्टने खाली जातो, येताना सातव्यापर्यंत लिफ्टने येतो आणि पुढे जिना चढतो. पाऊस असेल किंवा लिफ्टमध्ये आणखी कुणी असेल, तर मात्र थेट दहाव्यावर जातो. पहिलं गृहीतक हेतूचं: तो सातव्यावर मुद्दाम उतरतो. लोक इथे व्यायाम, मैत्रीण, उधारी अशी कारणं शोधत राहतात. हे सोडलं आणि ‘त्याला पुढे जाताच येत नाही’ इथवर आलं, तरी दुसरं गृहीतक उभं असतं: प्रौढ माणसाचा हात सगळ्या बटणांपर्यंत पोचतो. तो बुटका आहे. सातव्याच्या वरचं बटण हाताला लागत नाही. पावसात छत्रीच्या टोकाने दाबतो, सोबत कुणी असलं तर त्यांना सांगतो.

असं कोडं ओळखायचं कसं? एक गृहीतक काढल्यावर गोष्ट सुटत नाही, पण तिचा प्रश्न बदलतो. “तो का उतरतो?” याचं “त्याला काय अडवतं?” झालं, म्हणजे तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात. पुन्हा लिहून काढा.

१४. बिरबलाची रेघ आणि सतरा उंटांची वाटणी याच प्रकारात येतात का?

रेघ येते, उंट अर्धवट येतात.

बादशहाने काढलेली रेघ न पुसता लहान करायची. बिरबलाने शेजारी मोठी रेघ ओढली. ‘लहान करणं म्हणजे त्याच रेघेला काहीतरी करणं’ हे गृहीतक. नामाऐवजी ते क्रियापदात आहे, एवढाच फरक.

उंटांची गोष्ट अशी: बाप सतरा उंट ठेवून जातो. थोरल्याला निम्मे, मधल्याला एक तृतीयांश, धाकट्याला एक नवमांश. सतरा कशानेच भागत नाहीत. शेजारी आपला एक उंट देतो, अठरा होतात. नऊ, सहा आणि दोन असे सतरा वाटले जातात आणि शेजारी आपला उंट परत घेऊन जातो. ऐकणाऱ्याला ही शेजाऱ्याची करामत वाटते. पण दडलेलं गृहीतक निराळंच आहे आणि ते गोष्ट सांगून झाल्यावरही उघड होत नाही: वाटे मिळून सगळी मालमत्ता संपते, असं आपण धरून चालतो. एक द्वितीयांश, एक तृतीयांश आणि एक नवमांश यांची बेरीज अठरा भागांपैकी सतराच भरते. बापाने एक अष्टादशांश हिस्सा कुणालाच दिलेला नव्हता. तो हिस्सा म्हणजे जवळजवळ एक उंट, आणि तोच तिघांत वाटला गेला: थोरल्याला साडेआठऐवजी नऊ मिळाले, मधल्याला साडेपाचाहून थोड्या जास्तीऐवजी सहा, धाकट्याला दोनाहून किंचित कमीऐवजी पूर्ण दोन. काटेकोरपणे पाहिलं तर मृत्युपत्र पाळलंच गेलं नाही. तिघांनाही त्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त मिळालं, म्हणून कुणी भांडलं नाही.